नानासाहेब सरांची शब्दपालट

नानासाहेब सर आयुष्यात कधी नापास झाले नाहीत. त्यांनी राज्यसेवेच्या परीक्षेचा चार वेळा "अनुभव घेतला", पोलीस भरतीचा क्लास दोन वर्षांत "दुसऱ्या टप्प्यात नेला", म्हणजे बंद केला, आणि मुलं क्लास सोडून गेली तर ती "स्वयंपूर्ण झाली". मी त्यांच्याकडं साडेपाच वर्षं नोकरी केली. या साडेपाच वर्षांत त्यांनी कोणत्याही गोष्टीला तिच्या खऱ्या नावानं हाक मारलेली मला आठवत नाही. पाणी गेलं की ते म्हणायचे, "साळूताई, आज जलव्यवस्था विश्रांती घेतेय." मी खाली जाऊन टँकरवाल्याला सांगायचे, पाणी गेलंय. तो यायचा.

सर मूळचे देवगाव रंगारीचे. घरी कपाशी, मका, दोन भाऊ शेतात. शिकलेले हे एकटेच, म्हणून गावात मान. इंग्रजी घेऊन बी. ए. झालेले. उस्मानपुऱ्यात मिक्सर दुरुस्तीच्या दुकानावर दोन खोल्या भाड्यानं घेतल्या आणि पोलीस भरतीची पाटी पुसून तिच्यावरच "इंटरनॅशनल" असं रंगवलं. खालची "भरती" ही अक्षरं उन्हात बघितलं तर अजून दिसायची. शहराचं नाव तेव्हा औरंगाबादच होतं. ही दोन हजार एकोणीसची गोष्ट.

क्लास होता आयईएलटीएसचा. ज्यांना ठाऊक नसेल त्यांच्यासाठी सांगते. परदेशात शिकायला किंवा नोकरीला जायचं तर इंग्रजी येतं का, हे तपासणारी ही परीक्षा. ऐकणं, वाचणं, लिहिणं, बोलणं, अशा चार भागांचे नऊपैकी गुण. लिहिण्याच्या भागात एक निबंध असतो, अडीचशे शब्दांचा. वर प्रश्न छापलेला असतो आणि निबंधाची सुरुवात करताना तोच प्रश्न आपल्या शब्दांत मांडायचा असतो. छापलेलाच उतरवून काढला तर तेवढे शब्द तुमचे धरत नाहीत. बदलून लिहिला आणि अर्थच बदलला, तर पुढचा सगळा निबंध दुसऱ्याच प्रश्नाचं उत्तर होऊन बसतो. एवढंच आहे ते. पण एवढ्यावरच सरांचा क्लास चालायचा.

सरांनी त्यासाठी एक पद्धत काढली होती. तिचं नाव शब्दपालट. चौदा पानांची यादी, डावीकडं इंग्रजी शब्द, उजवीकडं त्याच्या बदल्यात वापरायचा शब्द. या यादीच्या झेरॉक्स मी इतक्या काढल्या की डोळे मिटले तरी पान सात दिसायचं. मुलांनी प्रश्नातला प्रत्येक शब्द चौकटीत लिहायचा, यादीत शोधायचा आणि खालच्या चौकटीत उजवीकडचा शब्द बसवायचा. मग सर लाल पेन घेऊन बसत. प्रश्नातला शब्द सुरुवातीत सापडला की लाल गोल. एकही गोल नसला की सर खुर्चीतून उठून हात मिळवायचे.

"शून्य लाल! साहेबाला कळणारच नाय की प्रश्न कुठला होता!"

हे ते अगदी अभिमानानं म्हणायचे.

त्यांचा एक विद्यार्थी होता, कारभारी म्हणून. कन्नडकडचा. त्याला कायम शून्य लाल. परीक्षेत लिहिण्याला पाच मिळाले, तो गावी जाऊन ट्रॅक्टरची एजन्सी बघायला लागला. सरांनी त्याचा फोटो भिंतीवर लावला आणि खाली लिहिलं, "लंडनच्या उंबरठ्यावर". तो कारभारी पुढं कधी वेरूळच्या पलीकडं गेला असेल असं मला वाटत नाही.

मी मराठी शाळेत शिकलेली. इंग्रजी वाचता येतं, पण आधी डोक्यात मराठी करून घ्यावं लागतं, तरच कळतं. क्लासात याला कमीपणा समजत. सर म्हणायचे, "ताई, तुमचं इंग्रजी अजून मातृभाषेच्या कडेवर आहे." बरं. असू दे कडेवर. निदान पडत तरी नाही.

गौहर आली ती उन्हाळ्यात. खुलताबादची. इथल्या एका खासगी दवाखान्यात अकरा वर्षं स्टाफ नर्स. वडील नव्हते. आई, अमिनाखाला, दर्ग्याच्या वाटेवर फुलांचं दुकान चालवायची. इंग्लंडच्या एका दवाखान्यानं गौहरची फोनवर मुलाखत घेऊन नेमणुकीचं पत्र दिलं होतं. पण तिथल्या नर्सच्या नोंदणीला वाचणं, ऐकणं, बोलणं यांत सात आणि लिहिण्यात साडेसहा लागायचे. बाकी तिन्हींत तिला सात होते. लिहिण्यात सहा. दवाखान्यानं दिवाळीपर्यंत थांबायची तयारी दाखवली होती. दिवाळीनंतर ते पत्र म्हणजे नुसता कागद.

पहिल्या खेपेला तिनं काय केलं होतं, ते तिनंच सांगितलं. प्रश्न जसाच्या तसा वर उतरवला होता.

"ताई, डॉक्टरनं लिहिलेली ऑर्डर आम्ही बदलत नाय. पाच एमएल म्हटलं की पाच एमएल. मेरेकू लगा, प्रश्नपण तसाच ठेवायचा असतो. बदलला की आपली चूक."

अकरा वर्षांची सवय होती ती. वाईट सवय तर नव्हे.

सरांनी हे ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "मॅडम, इथं दवाखाना नाय. इथं सगळं बदलायचं!" आणि चौदा पानं तिच्या हातात दिली.

तिनं ती पाठ केली. रात्रपाळी करून सकाळी डोळे लाल घेऊन यायची, बाकावर बसून यादी घोकायची. एकदा विचारलं तर म्हणाली, "अम्मी म्हणते कुराण पाठ करायला इतकी मेहनत केली असतीस तर हाफिज झाली असतीस." दोन महिन्यांत तिच्या कागदावर एक लाल गोल उरला नाही. सरांनी सगळ्या वर्गासमोर टाळ्या वाजवायला लावल्या. ऑगस्टात ती पुण्याला जाऊन दुसऱ्यांदा परीक्षा देऊन आली.

तेरा दिवसांनी निकाल लागला. सहाचे साडेपाच झाले होते.

सर म्हणाले, "म्हणजे कुठंतरी एखादा शब्द बदलायचा राहिला बघा."

गौहरनं ऑक्टोबरातल्या परीक्षेचा फॉर्म भरला आणि परत बाकावर येऊन बसली. ती शेवटची संधी. त्यानंतरच्या परीक्षेचा निकाल दिवाळी उलटल्यावर आला असता.

ते पितृपंधरवड्याचे दिवस होते, म्हणून मला पक्कं आठवतं. आमच्याकडं सासऱ्यांची तिथ होती, मी सकाळी पान वाढून, कावळ्याला घास ठेवून उशिरानं क्लासला आले होते. गौहरनं सरांकडून सराव तपासून घेतला होता. शून्य लाल. तो कागद माझ्या टेबलावर ठेवून ती पाणी प्यायला गेली. मी सहज वाचला. आणि सवयीप्रमाणं डोक्यात त्याचं मराठी केलं.

प्रश्न असा होता : काही लोकांच्या मते म्हाताऱ्या आईवडिलांना घरी सांभाळणं ही मुलांची जबाबदारी आहे, तर इतरांच्या मते ती सरकारचीही आहे. दोन्ही बाजू मांडा आणि आपलं मत द्या.

गौहरनं लिहिलं होतं ते मराठीत असं होत होतं : संपूर्ण मानवजातीचा ठाम विश्वास आहे की प्राचीन पूर्वजांना निवासस्थानी ताब्यात ठेवणं हा अपत्यांचा गुन्हा आहे, परंतु विरोधकांच्या दृष्टीनं हा राजवटीचा गुन्हा आहे.

मी दोनदा वाचलं. देवाची शपथ, मला आधी वाटलं माझंच चुकतंय.

गौहर आली. मी म्हटलं, "बाई, इकडं ये. हे कोणाबद्दल आहे?"

"म्हाताऱ्या मायबापाबद्दल."

"नाही गं. तू इथं प्राचीन पूर्वज लिहिलंयस. पूर्वजांना आम्ही आजच जेवू घातलं. वर्षातनं एकदा येतात, घास घेतात आणि जातात. त्यांना घरी कोणी ताब्यात ठेवत नाही. भीती वाटेल!"

ती हसायला लागली. मी एकेक शब्द मराठीत सांगत गेले. गुन्ह्यापर्यंत आले तेव्हा तिनं ओढणी तोंडावर धरली होती आणि खांदे हलत होते. खालचा मिक्सरवाला बन्सी वर बघून विचारायला लागला, काय झालं.

मग ती एकदम थांबली.

"ताई," ती म्हणाली, "पुण्यात मी काय लिहिलं, सांगू? प्रश्न होता, काही लोकांना वाटतं की शाळेत मुलांना स्वयंपाक शिकवावा. मी यादीतनं काढून लिहिलं. सगळ्या जनतेला. शाळेचं झालं संस्था. स्वयंपाकाचं केटरिंग. शिकवावाचं झालं प्रशिक्षण सक्तीचं. आणि सुरुवात अशी झाली ना, मग पुढं पण मी तेच लिहीत गेले. हॉटेलात नोकऱ्या किती, केटरिंगमध्ये पगार किती. पूरा निबंध हॉटेलवर." तिनं टेबलावरचा कागद उचलून घेतला. "पोरानं घरी पोळी लाटायला शिकावी का, हे विचारलं होतं. त्यावर एक ओळ नाय लिहिली मी."

आता यात मी कोण? मी झेरॉक्स काढणारी, फॉर्म भरून घेणारी. पगार सरांचा. पण सोमवारी घृष्णेश्वराला जाऊन हात जोडायचे आणि आठवडाभर चौदा पानं वाटायची, हे मला त्या दिवशी जड झालं. मी तिला म्हटलं, "उद्या ड्यूटी सुटली की अर्धा तास आधी ये. सर साडेदहाशिवाय उगवत नाहीत." म्हणजे सरांच्या भाषेत, त्यांची सकाळ लवचिक होती.

मला इंग्रजी शिकवता येत नव्हतं. मी एवढंच केलं. प्रश्न दोनदा वाचायला लावला आणि कागद पालथा घातला.

"आता अम्मीला सांग, काय विचारलंय ते."

"अम्मीला? अम्मीला इंग्रजी कुठं येतं?"

"म्हणूनच. तुमच्या बोलीत सांग."

तिनं सांगितलं. दखनीत, भराभर. कुछ लोगां बोलते की बुढ्ढे मां-बाप कू बच्च्यांनेच घर में संभालना. कुछ बोलते, सरकार का बी काम है वो.

"हेच इंग्रजीत लिही. यादी पिशवीत ठेव."

तिनं लिहिलं. साधं, शाळेतल्यासारखं. मग मी ते वाचून माझ्या मराठीत परत सांगायचे आणि आम्ही दोघी प्रश्न उलटा करून ताडून बघायचो. कोण म्हणतंय? काही लोक म्हणतायत, सगळे नाही. करावं म्हणतायत की करतात म्हणतायत? सरकारची की सरकारचीही? तो "ही" पहिल्यांदा सुटला होता. सुटला की सगळी जबाबदारी सरकारवर जात होती आणि मुलं मोकळी. मग "ही" परत आणला.

"आणि सरकार?" तिनं विचारलं. "सरकारला दुसरा शब्द?"

"सरकारला सरकारच म्हणायचं. आईवडिलांना आईवडील. ज्याला दुसरं नावच नाही त्याचं नाव का बदलायचं? वाक्य तुझं आहे ना, बास."

तिनं तसं लिहून टाकलं. मग म्हणाली, "ताई, हे तर हँडओव्हर आहे."

मला कळलं नाही. तिनं सांगितलं. रात्रपाळीची नर्स सकाळच्या नर्सला पेशंट सोपवते, तेव्हा केसपेपर वाचून दाखवत नाही. आपल्या तोंडानं सांगते, कालपासून काय झालं, काय द्यायचं, काय बघायचं. पण औषधाचं नाव तेच, आकडा तोच. "रात्री दोनदा ताप आला" याचं "रात्रभर ताप होता" केलं, तर सकाळची नर्स भलतंच करून बसेल.

"ग्यारा साल से रोज करती मैं ये," ती कपाळावर हात मारून म्हणाली. "रोज दोन वेळा. और इधर आके पूर्वज लिख री!"

तीन आठवडे असं चाललं. आठवड्यात तीन-चार प्रश्न व्हायचे. तिच्या सुरुवाती छोट्या झाल्या, दोन वाक्यांच्या. पहिल्यात प्रश्न, दुसऱ्यात मी काय मांडणार ते. मला त्यांत चांगलं काय हे सांगता यायचं नाही, पण मराठी करून बघितलं की प्रश्न जागेवर असायचा.

परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सरांनी तिचा कागद तपासायला घेतला. लाल पेन उघडलं. एक गोल. दोन. तीन. चौथ्या गोलाला मागची मुलं वाकून बघायला लागली.

"गौहर मॅडम. हे काय? सरकार तसंच? आईवडील तसेच? दोन महिन्यांची साधना तुम्ही..." त्यांना शब्द सापडेना, यादी जवळ नव्हती. "साडेपाचचे पाच होणार, लिहून देतो."

"सर," गौहर उभी राहून म्हणाली, "एक विचारू? तुमची नमुन्याची सुरुवात फळ्यावर आहे, ती एकदा मराठीत सांगता?"

"मराठीत कशाला? परीक्षा इंग्रजीची आहे."

"मला समजायला."

फळ्यावर सरांचं अक्षर सुरेख होतं, ते कबूल करते. प्रश्न जंगलातल्या प्राण्यांना प्राणिसंग्रहालयात ठेवावं का, असा होता. सर वाचायला लागले. पहिल्या चार शब्दांना अडखळले. मग म्हणाले, "म्हणजे... रानटी पशूंना... सार्वजनिक तुरुंगात... आजन्म..." आणि थांबले. मागच्या बाकावरनं पुंजाराम, जो एरवी तोंड उघडायचा नाही, हळूच म्हणाला, "सर, जामीन नाय का त्यांना?"

वर्ग फुटला. सर लाल झाले. पण नानासाहेब सर ते. त्यांनी डस्टर घेतलं, फळा पुसला आणि म्हणाले, "भाषांतरानं सौंदर्य मरतं. पुढं." नंतर बाहेर येऊन माझ्या टेबलाशी उभे राहिले. "साळूताई, हे मराठी करायचं खूळ कोणाचं?"

"माझं, सर."

"तुमचं काम झेरॉक्सचं."

"व्हय सर. झेरॉक्समध्ये एक बरं असतं. जे घालावं तेच निघतं."

मला वाटलं नोकरी गेली. पण महिनाअखेर जवळ आली होती, फॉर्म भरायला दुसरं कोणी नव्हतं. सरांनी मला "पुनर्विचाराखाली" ठेवलं.

गौहर पुण्याला एकटी गेली. परत आली तेव्हा बसस्टँडवरनं आधी मला फोन केला. काही लोकांच्या मते शहराच्या मध्यवर्ती भागात खासगी गाड्यांना बंदी असावी, तुम्ही कितपत सहमत आहात, असा प्रश्न आला होता. तिनं कागद पालथा घातला, अम्मीला सांगितलं मनातल्या मनात, लिहिलं. मग उलटून ताडून बघितलं तर तिच्या वाक्यात सगळ्या शहरात बंदी झाली होती. मध्यवर्ती भाग सुटला होता.

"मग?"

"मग काय, खोडून घातला. गाडीला गाडीच म्हटलं. ताई, शेजारचा पोरगा यादीतनं काहीतरी पुटपुटत होता. मला वाटलं आपल्याच क्लासचा आहे काय."

निकाल लागायचा त्या दिवशी ती सकाळची पाळी करून थेट क्लासला आली, युनिफॉर्मवरच. मी देव्हाऱ्यापुढं, म्हणजे टेबलावरच्या छोट्या गणपतीपुढं, दिवा लावला होता. ती ओढणी डोक्यावर घेऊन काहीतरी पुटपुटत होती. दोघींनी आपापल्या परीनं सगळीकडं अर्ज टाकला. तिनं फोनवर आकडा बघितला आणि फोन माझ्याकडं दिला.

साडेसहा.

तेवढेच लागत होते. अर्धाही जास्त नाही. ती बाकावर बसली आणि रडली, आणि मी पहिल्यांदा कामाच्या वेळात क्लासचं दार लावून घेतलं.

सरांना कळायला पाच मिनिटं लागली. ते बर्फी घेऊन आले. म्हणाले, "मॅडम, फ्लेक्ससाठी दोन ओळी लिहून द्या, तुमच्या हातानं." गौहर बिचारी खुशीत होती. तिनं लिहून दिलं, मी तो कागद बघितला आहे : "शब्द बदलायच्या नादात माझा अर्थ बदलत होता. यादी सोडली, प्रश्न समजून घेतला, तेव्हा जमलं. साळूताईंची आभारी आहे."

चार दिवसांनी उस्मानपुऱ्याच्या चौकात फ्लेक्स लागला, बारा फूट बाय आठ. गौहर युनिफॉर्ममध्ये, शेजारी तिच्याहून मोठे नानासाहेब सर. खाली अवतरणचिन्हांत : "शब्द बदलताच माझ्या जीवनाचा अर्थ बदलला! यादीनं सोडवलेले प्रश्न, आणि जमलेलं यश! सर्व गुरुजनांची ऋणी. – गौहर, लंडन."

ती अजून खुलताबादला जाऊन बॅगसुद्धा भरून आली नव्हती. आणि जाणार होती ते गाव लंडनपासून चार तासांवर होतं.

दुपारी ती जिना चढून वर आली. अमिनाखालानं दिलेली शीरखुरम्याची किटली हातात होती. किटली तिनं माझ्या टेबलावर ठेवली आणि सरांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं.

"सर, हे मी लिहिलं नव्हतं."

"तुमचंच आहे मॅडम. मी फक्त तुमच्या शब्दांना पर्याय दिले. बघा, एक ओळ तशीच ठेवली नाय. शून्य लाल!" आणि हात मिळवायला उठले. त्यांना खरंच वाटत होतं की ती शाबासकी द्यायला आलीय. या माणसाचा राग यायचा आणि मध्येच कीव यायची ती अशा वेळी.

गौहरनं हात मिळवला नाही. सरांकडं बघून शांतपणे, वॉर्डात आकडा सांगतात तसं, म्हणाली, "सर, नऊपैकी पाच." मग मला सलाम करून जिना उतरून गेली. तीन आठवड्यांनी तिचं विमान गेलं.

सर मग बाहेर आले.

"साळूताई, पाच म्हणाली ती. म्हणजे नेमकं काय म्हणायचं होतं तिला?"

मी किटलीतनं दोन वाट्या भरत होते. एक त्यांच्यापुढं सरकवली.

"पाचच म्हणायचं होतं, सर. याला दुसरा शब्द नाही."